ताटलीवरचा धुरकट गोल

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी, तीही पहिल्या वर्गात. हे मी सांगत फिरायचो आणि अजूनही सांगतो, कारण ती पदवी मला कोणी ओंजळीत घालून दिली नव्हती. पण त्या पदवीच्या तोऱ्यात एका म्हाताऱ्या माणसाची नोकरी मी जवळजवळ घालवली होती.

शहरात तेव्हा एक धर्मादाय दवाखाना होता. तिथल्या लॅबमध्ये लघवी, पू, थुंकी यांतले जंतू वाढवून त्यांना कोणतं औषध लागू पडतं ते बघायचं काम माझ्याकडं होतं. काचेच्या ताटलीत जेलीसारखं माध्यम ओतायचं, त्यावर जंतू पसरायचा आणि औषधाच्या छोट्या चकत्या ठेवायच्या. रात्रभर उबेत ठेवलं की, चालणाऱ्या औषधाभोवती जंतू न वाढलेला स्वच्छ गोल दिसतो.

खालच्या मजल्यावर औषधांची खिडकी होती. ती सांभाळणाऱ्याला सगळे चाचा म्हणायचे. पांढरी दाढी, चष्म्याला दोरी, निवृत्तीला चार महिने. हजार गोळ्यांच्या मोठ्या बरणीतून पुड्या बांधून द्यायचे. त्यांचा भाचा एका छोट्या कारखान्याच्या औषधांचा एजंट होता, आणि संसर्गावरच्या कोट्रायमोक्साझोलच्या गोळ्या त्याच्याकडूनच यायच्या. संशयाला एवढं पुरे होतं.

झालं असं की, वॉर्डातल्या एका बाईचा लघवीचा संसर्ग आठ दिवस गोळ्या खाऊन हटेना. डॉक्टर वैतागले. त्यात माझे रिपोर्ट पाहिले तर तीन आठवडे कोट्रायमोक्साझोलच्या रकान्यात सगळ्यांना 'रेझिस्टंट', म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाही. बाकीची औषधं नेहमीसारखी. मला वाटलं, जंतू माजलेत. डॉक्टर मात्र हळूच म्हणाले, "गोळ्याच खडूच्या नसतील ना?"

त्यांनी मला विचारलंही नव्हतं, पण मी अंगावर घेतलं. चाचांच्या बरणीतून न सांगता दोन गोळ्या आणल्या, पाण्यात खलल्या आणि त्यात कागदाच्या चकत्या बुडवल्या. तपासणीसाठी जपलेला जंतू आमच्याकडं असायचा, तो या औषधानं हमखास मरतो. त्याच्यावर चकत्या ठेवल्या. सकाळी बघतो तर गोल नाही. म्हणजे पार नाही असं नव्हतं, धुक्यासारखा काहीतरी होता, पण त्यात जंतू वाढलेला दिसत होता. मी नाही असंच धरलं. वर लिहून दिलं की गोळ्यांत औषध नाही.

शनिवारी विश्वस्तांची बैठक ठरली. चाचांना त्याआधी खुलासा द्यायचा होता, नाहीतर काढणार. तीस वर्षांच्या नोकरीचा असा शेवट. बातमी दवाखानाभर झाली. खिडकीवरचे पेशंट पुडी उघडून गोळीचा वास घेऊ लागले.

गुरुवारी ते माझ्या लॅबमध्ये आले. मी बसा म्हणालो, बसले नाहीत. ताटली मागितली. खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"गोळीत दवा किती, साहेब?"

एरवी ते मला बेटा म्हणायचे.

"दोन. सल्फामेथोक्साझोल चारशे, ट्रायमेथोप्रिम ऐंशी."

"दोन का?"

परीक्षा घेताहेत असं वाटून मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं. जंतूला फोलेट हे जीवनसत्त्व स्वतःच्या घरी बनवावं लागतं, तयार आत घेता येत नाही. सल्फा पहिली पायरी अडवतं, ट्रायमेथोप्रिम पुढची. आपण माणसं फोलेट पालेभाजीतून खातो, म्हणून सल्फा आपली ती पायरी अडवूच शकत नाही. पुढची पायरी आपल्यातही आहे, पण ट्रायमेथोप्रिम जंतूच्या यंत्राला घट्ट धरतं, आपल्याला जवळपास सोडून देतं. एका वाटेवर दोन नाके. एकातून जंतू निसटला तरी दुसऱ्यावर अडतो.

"म्हणजे एकानं गिरणी बंद केली, दुसऱ्यानं चूल विझवली," चाचा म्हणाले. "मग बोला, नकली माल करणारा दोन्ही दवा कशाला काढेल? थोडी तरी टाकतोच, पकडला जाऊ नये म्हणून. तुमच्याकडं कंपनीच्या सीलबंद चकत्या आहेत ना? अलग अलग लावा. माझी गोळी नको. मेरी गोली तो चोर ठहरी."

मला राग आला. माझ्या पद्धतीवर संशय घेणारा हा कोण? पण लावल्या. सल्फा वेगळं, ट्रायमेथोप्रिम वेगळं, दोन्ही एकत्र. कंपनीचा माल, चाचांचा हात न लागलेला. जंतू तोच जपलेला, ताटली त्याच ओतातली.

शुक्रवारी सकाळी तिन्ही चकत्यांभोवती तेच धुकं. मी खुर्चीत बसलो.

सल्फाला हरवायला माध्यमात जास्तीचा पाबा, म्हणजे फोलेटचा कच्चा माल, असला तरी चालतं. पण ट्रायमेथोप्रिमला त्यानं काही होत नाही. दोन्ही नाके एकाच वेळी निकामी व्हायचे तर जंतूला वाटेनं जायची गरजच उरलेली नसणार. गिरणी बंद, चूल विझलेली, पण कोणीतरी तयार भाकरी ताटात वाढतंय. फोलेट शेवटी लागतं ते मुख्यतः थायमिडीन हा डीएनएचा घटक बनवायला, आणि थायमिडीन मात्र जंतूला बाहेरून तयार घेता येतं. म्हणजे ते माझ्या जेलीत होतं.

जेली कोणी बनवली? मीच.

तीन आठवड्यांपूर्वी योग्य पावडरीचा डबा सरत आला होता, नवा येत नव्हता. साध्या न्यूट्रियंट अगारचा, दुसऱ्या जातीच्या जेलीच्या पावडरीचा, अर्धा डबा पडून होता, त्यात यीस्टचा अर्क, आणि अर्कात थायमिडीन. आमच्या घरी ज्वारीचं पीठ कमी पडलं की त्यात बाजरीचं मिसळायचे. मी तेच केलं. रंग सारखा, जंतू वाढतात, बाकीच्या औषधांचे गोल बरोबर येतात. जपलेल्या जंतूवर चकत्या लावून नवा ओत तपासायचा नियम होता, वहीत 'कंट्रोल ठीक' लिहायचं होतं. मी न लावताच लिहीत होतो. पदवी होती ना.

दुपारी क्रांती चौकातल्या ओळखीच्या लॅबमधून चांगली पावडर मागून आणली आणि नव्या ताटल्या ओतल्या. शनिवारी सकाळी चाचांच्या गोळीभोवती स्वच्छ, रुंद गोल. त्या बाईचा जंतू मात्र नव्या ताटलीवरही वाढलेलाच होता, तो खरोखरच रेझिस्टंट निघाला. तिला दुसरं औषध दिलं. माझ्याच रिपोर्टांनी बाकी किती जणांचं चालणारं औषध उगाच बदललं गेलं, ते वहीत होतं.

बैठकीत मी वही घेऊन उभा राहिलो. डॉक्टरांनी बाहेर दबक्या आवाजात सुचवलं होतं की जेलीची पावडरच खराब आली असं सांग, कोणाचंच जाणार नाही. खरं सांगतो, मनात आलं होतं. पण मग लोक म्हणाले असते, प्रकरण दाबलं; चाचांवरचा डाग अर्धाच निघाला असता, आणि भाच्याचं नाव तसंच राहिलं असतं. मी म्हणालो, "गोळ्या खऱ्या आहेत. ताटली माझी चुकली, आणि वहीतल्या सह्या मी न तपासता केल्यात." मला लेखी ताकीद मिळाली, वर्षाची वेतनवाढ गेली. चाचा राहिले.

माफी मागायला खाली गेलो तर ते पुड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "ठीक आहे साहेब."

उरलेले चार महिने ते दर सोमवारी लॅबमध्ये आले. जपलेल्या जंतूची ताटली मागून उजेडात धरायचे, मोजपट्टीनं गोल स्वतः मोजायचे, वहीत मी लिहिलेला आकडा वाचायचे. मी चहा मागवायचो. तो तिथंच गार व्हायचा.