मोटर काढून लिहिलेली तक्रार

आमच्या सोसायटीच्या आवाराला लागून शेजारच्या बागेची विहीर आहे. बागवाल्यांनी भिंतीला एक छोटं दार ठेवलं आहे, अडीनडीला पाणी न्यायला. त्या वर्षी मार्च संपता संपता ते दार सकाळी बंद होणंच थांबलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तिथून कळशा भरून वर न्यायच्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

वहिनींचे यजमान जहाजावर असतात. एकदा गेले की सात-आठ महिने येत नाहीत. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई. आजींचं कमरेचं हाड मोडलं होतं, पलंगावरून उठून खुर्चीत बसण्यापलीकडे चालणं जमत नव्हतं. अशा माणसाच्या घरी पाणी किती लागतं, ते ज्याने केलं आहे त्यालाच कळतं. चादरी, अंघोळ, धुणं, भांडी.

"भाऊजी, मी विरारला जायचं म्हणते," एप्रिल लागल्यावर एकदा जिन्यात कळशी टेकवून त्या म्हणाल्या. "धाकटे दीर महिनाअखेरीला गाडी घेऊन येतायत. आईंना तिकडे घेऊन जाऊ म्हणतात. मला एकटीला आता होत नाही."

"आजी काय म्हणतात?"

"त्या काही म्हणत नाहीत. भिंतीकडे तोंड करून झोपतात."

आजी मूळच्या गुहागरच्या. विरारच्या एका खोलीत, लेकाच्या संसारात, खिडकीतून समोरची इमारत बघत बसणं त्यांना नको होतं, हे वहिनींनाही ठाऊक होतं. पण पाणी नसताना कोण काय बोलणार?

मी हिशेबाच्या नोकरीतला माणूस. मोघम बोललेलं मला चालत नाही. आमच्या भागात पाणी सकाळी सुटतं, ते कधी आमच्या जमिनीखालच्या टाकीत चांगलं पडतं, कधी करंगळीएवढी धार लागते, आणि कधी नळ नुसता फुसफुसतो. ह्याला काही धरबंध नव्हता. मी रविवारी बसून नगरपालिकेला अर्ज लिहिला. प्रति, माननीय मुख्याधिकारी. विषय, अनियमित व अपुऱ्या पाणीपुरवठ्याबाबत. त्यात मी लिहिलं की उतारावरच्या आमच्या इमारतीला शेवटी पाणी मिळतं, कोणाच्या तरी वशिल्याने वरच्या बंगल्यांना आधी सोडलं जातं, आणि अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्धेचे हाल होत आहेत.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून तो पालिकेत घेऊन गेलो. आवक खिडकीवरच्या बाईंनी वाचला आणि परत सरकवला.

"घेते मी, शिक्का मारून देते. पण काका, नळजोडणी कोणाच्या नावावर आहे?"

"सोसायटीच्या."

"मग सोसायटीच्या लेटरहेडवर आणा. सचिवांची सही, शिक्का आणि ग्राहक क्रमांक. नाहीतर पाणी विभाग हेच लिहून परत पाठवेल आणि तुमचे पंधरा दिवस जातील." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "आणि हे वशिल्याचं काढा. कोणाचा वशिला, ते तुम्हाला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. ते वाक्य मी तिथेच खोडलं.

आमच्या सचिवांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. पंखा उघडून बसले होते. अर्ज वाचला आणि पंख्याकडे बघतच म्हणाले, "सही करत नाही मी."

"का?"

"साहेब, तुम्ही इथे येऊन चार वर्षं झाली. पंपाच्या खोलीत बटणं किती आहेत?"

"दोन."

"एक टाकीतून गच्चीवर पाणी चढवायचं. दुसरं कशाचं?"

मला वाटत आलं होतं, दुसरी मोटर पहिली बंद पडली तर वापरायची.

"ती थेट पालिकेच्या लाइनीवर आहे," ते म्हणाले. "पाणी ओढायला. मी सचिव व्हायच्या आधीची. तुम्ही तक्रार केलीत की पाहणी लागणार, पाहणी लागली की पहिली आपली मोटर उचलणार, वर दंड. जोडणीसुद्धा तोडतात. मग तुमच्या त्या आजींना तुम्ही काय, चहाने अंघोळ घालणार?"

थेट लाइनीवर मोटर लावायला मनाई आहे, हे मलाही माहीत होतं. जो लावतो तो पुढच्याचं पाणी ओढतो. वरचे बंगले तेच करत असणार असा मला दाट संशय होता, आणि त्याच संशयाने मी अर्ज लिहायला बसलो होतो. आमच्या खाली उतारावर चार कौलारू घरं आहेत. त्यांच्या नळाला काय येत असेल, हा विचार पहिल्यांदा त्या दुकानात, पंख्याच्या पात्यांशेजारी उभा असताना माझ्या मनात आला.

संध्याकाळी वहिनींकडे गेलो. अर्ज पुढे जाणार नाही, आणि का, ते सांगितलं. पलंगावरून आवाज आला.

"वाच बघू तो कागद."

मी वाचला. 'अंथरुणाला खिळलेल्या' पाशी आजींनी हात वर केला.

"कोण खिळलंय? खुर्चीत बसते मी रोज. ते काढ. माझी शोभा त्या ऑफिसात नको."

"काढतो."

"आणि ती मोटर का लपवतोस? गावाला देवळात गाऱ्हाणं घालतात, तेव्हा आधी काय म्हणतात? आमचं काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे. मागणं त्यानंतर. तुझ्या कागदात चुकलंमाकलं कुठाय?"

"आजी, ते देवाला. हे नगरपालिकेला."

"मग नगरपालिका काय देवापेक्षा भोळी आहे? तिला कळणार नाही?"

वहिनी खूप दिवसांनी हसल्या. पण त्यांनी लगेच हिशेब मांडला, आणि तो बरोबर होता. "मोटर काढली तर आत्ता येतं तेवढंही येणार नाही. म्हणजे मलाच आणखी कळशा." मग त्याच म्हणाल्या, "काढा. नाहीतरी महिनाअखेरीला मी जाणारच आहे. तोवर आणते."

ह्या एका वाक्यावर सोसायटीची सभा झाली. सचिवांचा विरोध होता, तळमजल्यावरच्यांचा तर जास्तच. वहिनींनी उभं राहून, आवाज न चढवता, एवढंच विचारलं की मोटर काढल्यावर सगळ्यात जास्त पाणी कोणाला वाहायला लागणार आहे. शेवटी सगळ्यांनी मोटर काढायला होकार दिला. दुसऱ्या दिवशी सचिवांनीच पाना घेऊन मोटर सोडवली. "फुकटची चांगली मोटर," म्हणत ती स्वतःच्या दुकानात नेऊन ठेवली.

नवा अर्ज लेटरहेडवर गेला. विषयाखाली पहिलाच परिच्छेद असा होता: 'आमच्या इमारतीत नळवाहिनीवर थेट मोटर बसवलेली होती. ती नियमबाह्य असल्याने सर्व सभासदांच्या संमतीने काढून टाकली आहे. ह्यापुढे बसवली जाणार नाही.' त्यानंतर, पाणी सुटण्याच्या वेळेत प्रत्यक्ष पाहणी करून दाब तपासावा, ही विनंती. पुढे, इमारतीत चालता न येणाऱ्या एक ज्येष्ठ सभासद राहतात. खाली सगळ्यांच्या सह्या. आजींनी खुर्चीत बसून सही केली, सावकाश, पूर्ण नावाची. आवक खिडकीवरच्या बाईंनी पहिला परिच्छेद दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि पोचेच्या प्रतीवर शिक्का मारून दिला.

पुढचे दिवस वाईट गेले. टाकीचा तळ ओला व्हायचा, एवढंच. आम्ही टँकर मागवला, तोही पुरला नाही. माझी बायको आणि मी आजींच्या वाटच्या दोन कळशा वर नेऊन ठेवायचो, आणि वहिनी दर वेळी म्हणायच्या, "राहू द्या हो." तळमजल्यावरच्यांनी आमच्याशी बोलणं सोडलं.

पाणी विभागाचे अभियंता एका सकाळी पाणी सुटायच्या वेळेला आले, सोबत दोन कर्मचारी. मला वाटलं होतं, ते आधी बंगल्यांकडे जातील. त्यांनी आमच्या मीटरपाशी जोड सोडवला आणि बादली लावली. बादली भरता भरेना. मग रस्त्याच्या कडेला, मुख्य लाइनीला आमची जोडणी जिथे लागते तिथे खणायला लावलं आणि तिथला पाइप मोकळा केला. पाणी असं उसळलं की ते स्वतः मागे सरले.

"दाब आहे हो," ते म्हणाले. "तुमचा पाइप गेलाय."

इमारत बांधताना टाकलेला तो लोखंडी पाइप होता, जांभ्यात उथळ पुरलेला. त्यांच्या माणसाने कापलेला तुकडा मला दाखवला. आत गंज साचून बोटभर भोक उरलं होतं. मोटर इतकी वर्षं त्या भोकातून पाणी ओढत होती, म्हणून पाइप बुजतोय हे कोणाला कळलंच नाही. वर बंगल्यांमध्ये मोटरा चालू होत असतील तेव्हा तेवढंही यायचं नाही. म्हणून एक दिवस यायचं आणि एक दिवस नाही.

"मुख्य लाइनीपासून इमारतीपर्यंतचा पाइप ग्राहकाचा," अभियंता म्हणाले. "रस्ता खणायच्या परवानगीचा अर्ज द्या, नोंदणीकृत प्लंबर लावा. मोटर आधीच काढल्याचं लिहिलंत, नाहीतर आज मी तीच जप्त करून गेलो असतो. पाइप तसाच राहिला असता."

बंगल्यांचं काय, असं मी विचारलं. तिथेही पाहणी करू म्हणाले. झाली की नाही, मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

नवा काळा पाइप पडला तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. ज्या सकाळी त्यातून पहिल्यांदा पाणी सुटलं, त्याच सकाळी विरारचे दीर गाडी घेऊन दारात उभे होते. वहिनींनी दोन बॅगा भरून ठेवल्या होत्या. आम्ही सगळे टाकीभोवती जमलो होतो आणि टाकी भरत आली होती. ती भरली. मग वाहायला लागली. टाकी भरल्यावर पाणी आपोआप बंद करणारा फ्लोट आमच्याकडे होता, पण टाकी कधी भरलीच नव्हती, त्यामुळे तो किती वर्षं अडकून पडला होता कोण जाणे. पाणी फाटकाबाहेर गेलं तसा खालच्या कौलारू घरातला एक म्हातारा वर आला.

"काय ओ, पाणी रस्त्यावर? आता मी लिहू काय तुमच्यावर?"

"लिहा, लिहा," सचिव टाकीत हात घालून फ्लोट उपटता उपटता म्हणाले. "लेटरहेड पाहिजे तर देतो."

"तुमच्याकडे येतं का पाणी?" मी त्याला विचारलं.

"गेले दोन आठवडे बरं येतं," तो म्हणाला. "कसं ते कळत नाही." मी त्याला कारण सांगितलं. त्याने मान हलवली आणि तो गेला.

गच्चीवर पाणी चढवून तासाभराने मी वर गेलो तेव्हा बॅगा दाराशीच होत्या. न्हाणीघरात नळ मोठा सोडल्याचा आवाज येत होता. गॅलरीतल्या दोरीवर चादरी, साड्या, पडदेसुद्धा, सगळं ओलं टांगलेलं. वहिनींनी पाणी चढल्यापासून घरातलं एकूण एक कापड धुतलं होतं. दीर हातातल्या किल्लीशी चाळा करत उभे होते.

"आई, निघायचं ना? ऊन तापायच्या आत घाट गाठू."

आजी खुर्चीत बसल्या होत्या, केस ओले. त्या दोरीकडे बघून म्हणाल्या, "हे वाळल्याशिवाय कसं निघणार? तू चहा घे आणि हो पुढे."

दीरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी न्हाणीघराच्या दारात आल्या, पदराला हात पुसले आणि एक बॅग उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली.