इराच्या नावावर

माधव करंदीकरला स्वतःसाठी काही हवं असलं की तो ते दुसऱ्याच्या नावावर मागायचा. ऑफिसात थंडी वाजली की म्हणायचा, "सुलेमानला एसी जास्त होतोय वाटतं." सुलेमान बिचारा घाम पुसत बसलेला असायचा. आमच्या घरी आला की स्वयंपाकघराकडे बघत मला विचारायचा, "दादा, तुमची चहाची वेळ झाली असेल ना?" माझी बायको नंदा त्याला ओळखून होती. ती म्हणायची, "यांची झालेली नाही. तुला हवाय का?" त्यावर ठरलेलं उत्तर यायचं, "तसं काही नाही वहिनी, पण करताच आहात तर अर्धा कप." करत कोणीच नसायचं.

तो नाशिकचा. आम्ही दोघं एकाच रिफायनरीत मेंटेनन्सला होतो, कुवेतमधल्या रिग्गईत एकाच मजल्यावर समोरासमोर राहत होतो आणि माझ्या गाडीने बरोबर कामाला जात होतो. गंमत म्हणजे कामाच्या वस्तू मागताना हा माणूस अगदी नेमका असायचा. कुठला भाग, किती आणि कधीपर्यंत, हे तिन्ही ठरवल्याशिवाय तो स्टोअरला फोन करायचा नाही. नव्या पोरांना शिकवायचा, "नुसतं लवकर पाठवा म्हटलं की कोणी काही पाठवत नसतं."

त्याच्या मुलीचा, इराचा जन्म इथलाच. बाळंतपणासाठी त्याच्या बायकोची, केतकीची आई व्हिजिट व्हिसावर आली आणि माधवचा मुक्काम हॉलमधल्या सोफ्यावर गेला. आई परत गेली तरी तो सोफ्यावरच राहिला, कारण पहाटेच्या ड्युटीसाठी उठताना बाळ जागं होई. सुरुवातीला त्याने इराला अंघोळ घालून बघितली, लंगोट बदलून बघितले. केतकी शेजारी उभी राहून सांगायची, "मान धर. असं नाही. दे, मीच करते." थोड्या दिवसांनी त्याने हात लावणं सोडलं आणि ऑफिसात उशिरापर्यंत बसायला लागला. घरी जाण्याआधी आमची बेल वाजायची. आता अर्धा कपही पुरेनासा झाला होता.

कुवेतमध्ये ज्याचं कुटुंब इथे नसतं त्याला बॅचलर म्हणतात, मग त्याला गावी चार मुलं का असेनात. एकदा गाडीत माधव म्हणाला, "दादा, मी फॅमिली व्हिसावरचा बॅचलर आहे." मी हसलो. तो हसला नाही, म्हणून मीही थांबलो.

केतकीची बाजू नंदाकडून कळायची. दिवसभर दूध पाजणं, ढेकर काढणं, झोपवणं, आणि झोपवलं की पुन्हा पाजणं. बाहेर एवढं ऊन की खालच्या बकाल्यापर्यंत, म्हणजे वाण्याच्या दुकानापर्यंतसुद्धा बाळाला नेता येत नाही. संध्याकाळी दार उघडलं की नवरा तिच्यावरून नजर फिरवून थेट पाळण्याकडे जाणार आणि विचारणार, "दूध नीट प्याली ना?" केतकी नंदाला म्हणाली होती, "वहिनी, मी त्या घरातला दुधाचा नळ आहे. नळाला कोणी विचारतं का, कसा आहेस म्हणून?"

त्याच सुमाराला दोघांचंही बोलणं इरामार्फत सुरू झालं. आपल्याकडे घरोघरी हे चालतं आणि ते गोडही वाटतं. पाच महिन्यांच्या मुलीला मांडीवर घेऊन एकाने म्हणायचं, "सांग ग बाबांना, डायपर संपलेत." दुसऱ्याने म्हणायचं, "आईला सांग, बाबांना भूक लागलीय." माधवला तर ही पद्धत जन्मापासून ठाऊक होती, फक्त आता नाव हक्काचं मिळालं होतं. पण या निरोपांना हळूहळू धार चढली. केतकीने नाशिकला जायचं ठरवलं, परतीच्या तारखेशिवाय. माधव एवढंच म्हणाला, "इराला तिकडची हवा मानवेल." तो जा म्हणत होता की थांब, हे तिला कळेना. मला गाडीत कळत होतं. त्याला ती जायला नको होती.

तिकीट काढायच्या आधीच्या शुक्रवारी नंदाने त्यांना सकाळी पोह्यांना बोलावलं. पोहे वाढून होतात तोच केतकी मांडीवरच्या मुलीला म्हणाली, "इरा, बाबांना सांग, आई केस विंचरून आलीय, कोणाला दिसतंय का बघ."

माधव लगेच म्हणाला, "इरा, आईला सांग, या घरात बाबाही राहतात, ते तरी तिला कुठे दिसतात?"

नंदा उठली. तिने इराला केतकीच्या मांडीवरून उचललं. "ही आता कोणाचे निरोप नेणार नाही," असं म्हणून ती आतल्या खोलीत गेली. मी पोह्यांत तोंड घालून बसलो. उठून जावं असं फार वाटत होतं, पण माझी खुर्ची भिंतीकडची होती आणि वाटेत ते दोघं होते.

मग केतकी म्हणाली, "माझ्या अंगावर दिवसभर कोणी ना कोणी असतं, माधव. संध्याकाळी तू खांद्यावर हात ठेवलास की वाटतं, आता यालाही काहीतरी हवंय. तुझा राग नसतो तो."

"तू हात झटकतेस तेव्हा मला वाटतं, माझं काम संपलं," माधव म्हणाला.

"मग सांग ना, तुला काय हवंय."

"इराला वाटतं की..." तो थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? कामावरचंच सुचलं, "अरे, स्टोअरला सांगतोस तसं सांग."

त्याने पाणी प्यायलं. "रात्री जेवताना तू समोर बसलेली हवी आहेस. इरा जागी असली तर मी मांडीवर घेऊन जेवेन. एवढा वेळ तरी दुधाबद्दल बोलायचं नाही. आणि हात नको असेल तेव्हा झटकू नकोस. आत्ता नको, मग ये, असं म्हण."

"म्हणेन. पण 'मग' म्हटलं तरी जमेलच असं नाही."

"चालेल. कळलं तरी पुरे."

"आणि दारातून आलास की आधी माझ्याकडे बघायचं," केतकी म्हणाली. "कशी आहेस ते विचार आणि ऐकून घे. उपाय सांगायला लागू नकोस. संध्याकाळची अंघोळ तुझी. मी बाथरूमच्या दारात उभी राहणार नाही."

"मी चुकलो तर?"

"चुकलास तर चुकलास. मीही चुकतच शिकले."

मग ती ताटाकडे बघत म्हणाली, "आणि तिकिटाचं?"

माधवने ताट बाजूला सारलं. मग तो म्हणाला, "जाऊ नकोस. हवा वगैरे काही नाही. मला तू इथे हवी आहेस." केतकी रडली. एवढंच ऐकायला ती कितीतरी दिवस थांबली होती.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. केतकी पुढे महिनाभर नाशिकला जाऊन आली, पण परतीची तारीख ठरवून. अंघोळीच्या वेळी तिला बाथरूमबाहेर थांबवेना, म्हणून ती आमच्याकडे येऊन बसायची आणि इरा रडली की नंदाचा हात धरायची. माधव दारातून शिरताना पाळण्याकडे वळायचा, मध्येच आठवण होऊन माघारी फिरायचा. इरामार्फत निरोपही कधीमधी जायचे, पण मग दोघांपैकी कोणीतरी म्हणायचं, "मला सांग."

इरा बोलायला लागली त्या सुमाराला माधवला पुण्यात नोकरी मिळाली. जायच्या दिवशी घर रिकामं झालं होतं, बॅगा लिफ्टपाशी होत्या आणि केतकी इराला घेऊन खाली गेली होती. माधव आमच्या दारात आला. मी सवयीने स्वयंपाकघराकडे बघितलं. चहाची वेळ झाली का, असं त्याने विचारलं नाही.

"वहिनी, मला चहा हवाय," तो म्हणाला. "पूर्ण कप. आणि दादा, तुम्ही समोर बसा."

नंदाने आधण ठेवलं. मी समोर बसलो. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, तरी कप संपेपर्यंत माधव उठला नाही.