ताईच्या हातावरची लव

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही भिंगारला राहत होतो. वडील लष्कराच्या कचेरीत सिव्हिलियन क्लार्क, आणि आम्ही दोघी बहिणी. ताई प्राथमिक शाळेत शिकवायची, मी नगरला कॉलेजात जायचे. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. माझ्या नाकावर राग कायमचा बसलेला असे हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्या रागामुळेच झालं.

मुलगी पसंत पडली, पण एक अट आली. ती मुलाच्या आत्यानं घातली. आत्या गावाकडच्या, घरात त्यांचाच शब्द चालायचा. कांदेपोहे झाल्यावर त्यांनी ताईचा हात आपल्या हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि माझ्या आईला म्हणाल्या, "पोरगी गुनाची हाय, शिकलेली हाय, समदं खरं. पन हातावर लव लई हाय. चुडा भरताना आमच्या समद्या बाया म्होरं बसतील. तेवढं काढून घ्या."

आईनं मान डोलावली. वडिलांनी भिंतीकडे बघितलं. ताई तर बोलायचीच नाही. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली. बी.ए. झालेली, चाळीस पोरांना गप्प बसवणारी बाई, आणि तिच्या हाताचं माप काढत होते! मी काहीतरी बोलणार होते, तर आईनं मला चहाचे कप विसळायला आत पिटाळलं.

बरं, लव काढायची कशानं, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक होतं? आई म्हणाली, डाळीचं पीठ आणि हळद रोज चोळ. आठ दिवस चोळलं, हात पिवळा झाला आणि लव तशीच राहिली. शेवटी मी कॅन्टोन्मेंटमधल्या एका मेजरच्या बायकोकडे गेले. त्यांच्या मुलींना मी मराठी शिकवायला जात असे. बाई दिल्लीकडच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी कपाट उघडलं आणि माझ्यापुढे वस्तू मांडल्या: पुण्याहून आणलेला गरम मेणाचा डबा, बहिणीनं परदेशातून पाठवलेल्या थंड मेणाच्या पट्ट्यांचं अर्धं खोकं आणि नंतर आग शमवायला लावायची गुलाबी कॅलामाइनची बाटली. मेणाचा तिसरा प्रकार विकत आणायचा नसतोच, म्हणाल्या, तो साखर आणि लिंबू घालून घरात होतो. वर बजावलं, की आधी स्वतःच्या हातावर करून बघ, नवरीवर प्रयोग करू नकोस.

हे मात्र मी ऐकलं. डाव्या हाताचे मनातल्या मनात तीन भाग पाडले आणि मागच्या पडवीत बसले.

गरम मेण पहिल्यांदा. डबा उकळत्या पाण्यात ठेवून ते वितळवायचं, राळेचा वास घरभर सुटतो. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून सोसतं का बघायचं, मग लव ज्या बाजूला झुकते त्याच बाजूनं जाड थर द्यायचा. जरा आळलं, बोटाला चिकटेनासं झालं, की कड उचलून उलट्या बाजूनं एका झटक्यात ओढायचं. काम फर्स्टक्लास झालं, बारकी बारकी लवसुद्धा मुळासकट आली. पण ते कधी फार गरम तर कधी गार होऊन तुकडे पडणारं, आणि हाताला राहिलेलं पाण्यानं निघेना. खोबरेल तेल चोळून चोळून काढावं लागलं. हात संध्याकाळपर्यंत लाल होता.

पट्ट्या दिसायला फार शहाण्या. तळहातांत धरून घासायच्या, ऊब लागली की दोन बाजू सोडवायच्या, दाबून बसवायच्या आणि ओढायच्या. भाजण्याची भीती नाही, स्टोव्ह पेटवायला नको. पण निम्मी लव आली, निम्मी मधेच तुटली. मी हट्टानं त्याच जागी दुसऱ्यांदा लावली, तर कातडी सोलवटल्यासारखी झाली. आणि अर्ध्या खोक्यात दोन हात होणारच नव्हते.

राहिलं साखरेचं. साखर रेशनवर, आणि आई लग्नाच्या बुंदीसाठी दाणादाणा जपत होती. तिनं वाटी दिली ती अशी, की जणू मी तिचा दागिना मोडायला निघाले होते. पहिला घाणा चिक्कीसारखा कडक झाला, दुसरा पाकासारखा वाहायला लागला. तिसऱ्या वेळी जमलं. मधाहून जरा गडद रंग आला की उतरवायचं, आणि थेंब गार पाण्यात टाकल्यावर त्याची मऊ गोळी झाली पाहिजे. मग कोमट होईपर्यंत चक्क वाट बघायची. हाताला पावडर लावून कोरडा करायचा, बोथट सुरीनं पातळ पसरायचं, जुन्या मांजरपाटाची पट्टी दाबायची, कातडी ताणून धरायची आणि लवेच्या उलट्या दिशेनं ओढायची. दुखतं, पण सुसह्य. आणि मुख्य म्हणजे साध्या कोमट पाण्यानं धुऊन जातं.

नंतर काय लावायचं त्याचीही परीक्षा मीच दिली. आईच्या म्हणण्याप्रमाणे एका जागी हळद-लिंबू लावलं, तर ब्रह्मांड आठवलं. गुलाबपाणी झोंबलं. गार पाण्याची घडी, त्यावर कॅलामाइन किंवा परसातल्या कोरफडीचा गर, एवढंच खरं उपयोगी पडलं. दिवसभर साबण नको, कढत पाणी नको, ऊन नको. हळद लागायच्या दोन दिवस आधी उरकायचं असं मी ठरवलं. माझा डावा हात त्या आठवड्यात कुणाला दाखवण्यासारखा नव्हता, पण मला सगळं कळलं होतं. या विषयात भिंगारमध्ये माझ्याएवढं शहाणं कुणी नाही अशी हवा डोक्यात शिरली होती.

लग्न रविवारी, हळद शनिवारी. गुरुवारी दुपारी मी साखरेचं मेण करून ताईला पडवीत बसवलं. उजवा हात सुरेख झाला. ना लाली, ना पुरळ. ताई स्वतःच त्यावरून हात फिरवून हसली. तिचं हसणं त्या महिन्यात मी पहिल्यांदा पाहिलं. तोवर भांड्यातलं मेण घट्ट झालं होतं, म्हणून डाव्या हातासाठी मी ते पुन्हा स्टोव्हवर ठेवलं.

तेवढ्यात आत्या आल्या. मानपानाच्या साड्या दाखवायला आल्या होत्या, पण साड्या राहिल्या पिशवीत. सरळ पडवीत येऊन त्यांनी ताईच्या उजव्या हातावर बोट ओढलं, वर खाली, पोत बघावा तसं. म्हणाल्या, बरं झालंय, पायाचं काय? मग आईकडे वळून म्हणाल्या, की ओठावरची पण काढा, एवढ्यावर कशाला थांबता. आणि आई म्हणाली, हो हो, काढू की.

त्या "हो हो"नं माझं डोकं फिरलं. आत्यांचं सोडा, त्या परक्या. पण माझी आई! मी स्टोव्हवरचं भांडं उचललं. मनगटावर थेंब घेतला नाही. थांबले नाही. सुरी भरून मेण घेतलं आणि ताईच्या डाव्या हातावर ओढलं.

ताईच्या तोंडून आवाजसुद्धा धड निघाला नाही. खरं तर त्या क्षणी गार पाण्यात हात बुडवून मेण आपोआप सुटू द्यायचं असतं. मी घाबरून पट्टी दाबली आणि ओढली. पट्टीबरोबर कातडी आली, चार बोटं रुंद.

आत्या आणि आई तोवर माजघरात जाऊन साड्या उलगडत होत्या, त्यांना यातलं काही दिसलं नव्हतं. मी माठ उचलून ताईच्या हातावर रिकामा केला, मग बादली. आई पाण्याचा आवाज ऐकून धावत आली, भाजलंय बघून मूठभर हळद घेऊन आली, तिला मी हाताला धरून मागे ढकललं. माझा एवढाच एक शहाणपणा. आत्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "कुनी केलं ह्ये?"

मी बोलणार होते. खरंच बोलणार होते. पण मी हातातली बादलीच सावरत राहिले. ताई शांतपणे म्हणाली, "मीच केलं, आत्या. घाई झाली माझी."

आत्यांनी ताईकडे पाहिलं, मग आईकडे. मुलगी घायकुती आहे हे आधी सांगायला हवं होतं, असं काहीतरी म्हणाल्या. लग्न मोडायचं का, यावर रात्रीपर्यंत घरात कुजबुज चालली. ताईला मी एकटीला गाठलं आणि म्हटलं, जाऊन खरं सांगते. ती फणकारली. तिला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "गप बस. तुझं अजून व्हायचंय."

लग्न झालं. शनिवारी उष्टी हळद आली ती पट्टी बांधलेला हात सोडून लावली. चुडा मनगटापाशीच कसाबसा बसवला, आणि समोर बसलेल्या बायांनी लव नाही बघितली, पट्टीच बघितली.

त्या घरात ताईचं नाव जे पडलं ते पडलंच. धांदरट. आत्या ठरवून सांगायच्या, हिच्या हाती उकळतं देऊ नका. मी दिवाळीला गेले की डोळ्यांनी बघायचे. ताईनं चहाचं आधण ठेवलं की कुणीतरी येऊन तिच्या हातातून सांडशी काढून घ्यायचं. आमच्या घरात सोळाव्या वर्षापासून पुरणाचा स्वयंपाक एकटीनं करणारी माझी बहीण! ती पदर ओढून डाव्या हातावरचा डाग झाकायची आणि बाजूला व्हायची. मी दर वेळी परत येताना एसटीत दात ओठ खात बसायचे, आणि दर वेळी गप्प राहिलेली असायचे.

दोन वर्षांनी आत्या पुन्हा भिंगारला आल्या. दुसऱ्या भाच्यासाठी मला मागायला. ताईही बरोबर होती. आत्या आईला सांगत होत्या, की थोरलीचं जाऊ द्या, पण धाकटी कामाला चोख, हाताला धीर हाय तिच्या, पोरगी आम्हाला अशीच हवी. ताई खाली मान घालून सुपारी कातरत होती.

मग मात्र मला राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ताईला मी भाजलं. मेण मी तापवलं, बघितलं नाही, आणि कातडी मी ओढली. तिनं माझं नाव घेतलं नाही एवढंच."

 आत्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. त्यांनी आईच्या मांडीवर हात ठेवला.

"बगा," त्या म्हणाल्या, "भैनीची चूक सोताच्या अंगावर घेती. आसली गुनाची पोर मिळायची न्हाई."

मी ओरडले, पुन्हा सांगितलं, शपथ घेतली. आत्या कौतुकानं मान हलवत राहिल्या. मग त्या ताईकडे वळून म्हणाल्या, की शीक जरा धाकटीकडून. ताईनं अडकित्ता खाली ठेवला आणि पानाचं तबक उचलून आत निघून गेली.