अंबाडीचं माहेर

ठाण्याच्या इंग्रजी शाळेला शेतकीचा वर्ग नवाच जोडला होता, आणि आमच्या ह्यांनी तिथे नाव घातलं. जन्मात कधी कुदळ हातात धरली नव्हती. पण पास झाले तर तिथेच नोकरी होती, आणि नोकरी म्हणजे नौपाड्यात दोन खोल्यांचं स्वतंत्र बिऱ्हाड. नापास झाले तर कल्याणलाच राहून चुलतसासऱ्यांच्या मागून भिक्षुकीची पडशी वाहायची, आणि मी सासूबाईंच्या नजरेखाली जन्मभर पोळ्या लाटायच्या. तेव्हा परीक्षा ह्यांची असली तरी धाकधूक माझी होती.

प्रत्येक पिकाचं कूळ, हंगाम आणि उपयोग असं तिन्ही सांगता यायला हवं. पुस्तकात लॅटिन नावांची ही लांबलचक माळ, आणि ह्यांचं डोकं म्हणजे फुटका रांजण. भुईमुगाचं तेल निघतं म्हणून त्याला खुशाल तिळाच्या कुळात नेऊन बसवीत. तंबाखू वांग्याच्या कुळातली हे ऐकून तर दोन दिवस वांगं खाईनात.

मला वडिलांनी वाचायला शिकवलं होतं. शेवटी वैतागून मीच ह्यांना शिकवायला बसले. म्हटलं, लॅटिन घाला चुलीत. पीक म्हणजे मुलगी समजा. कूळ हे तिचं माहेर, हंगाम हा मुहूर्त आणि उपयोग हे सासर. वाल घ्या. माहेर शेंगांचं, मुहूर्त भात कापल्यावर हिवाळ्यातला, सासर डाळ-उसळीचं. भुईमूग तिचीच बहीण, पण मुहूर्त पावसाळ्यातला आणि दिली तेल्याच्या घरी. मिरचीचं माहेर तंबाखूचं, सासर मसाल्याचं. भात, नाचणी, वरी आणि ऊस, सगळ्यांचं माहेर गवताचं, पण ऊस तेवढा गुऱ्हाळात पडला. लग्नकार्याच्या भाषेत आणल्यावर ह्यांचं घोडं भराभर पुढे सरकलं.

अडलं ते तागापाशी. ताग आणि अंबाडी दोन्ही पावसाळ्यात होतात, दोन्हींच्या सालीचा दोर वळतात. म्हणून हे रोज दोघींना भेंडी-कापसाच्या घरी नेत. अंबाडी त्या घरची खरीच, पण ताग शेंगांच्या घरचा. पिवळं फूल, पाठोपाठ शेंग, आणखी काय पुरावा हवा? परीक्षा चार दिवसांवर आली तरी हे तिथेच घसरत, आणि माझा ताबा सुटला.

"अहो, सासर एक म्हणून माहेर एक होतं का? मी आणि सासूबाई एकाच घरात राबतो, म्हणून आम्ही सख्ख्या बहिणी झालो का? मी ताग, त्या अंबाडी. आता तरी शिरलं का डोक्यात?"

शिरलं. नको इतकं शिरलं.

तोंडी परीक्षेला पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी ह्यांच्यापुढे नेमकी तागाचीच फांदी धरली. हे आधी भेंडीकडे वळले, मग थबकले आणि म्हणाले शेंगांचं कूळ. परीक्षकांनी विचारलं, कशावरून? फूल, शेंग दाखवून गप्प बसावं की नाही? ह्या भल्या माणसानं माझं सगळं व्याख्यान शब्दशः म्हणून दाखवलं, अंबाडीसकट. परीक्षक पोट धरून हसले आणि ह्यांना पास केलं.

वर्गातला एकजण आमच्याच आळीतला, तोंडी परीक्षेला ह्यांच्या मागेच उभा होता. निकालाचे पेढे वाटून व्हायच्या आत गोष्ट त्याच्या आईकडून सासूबाईंकडे पोचली. एरवी त्या लगेच तोंड सोडत, म्हणून मी दोन दिवस त्यांच्या वाटेत आलेच नाही. बिऱ्हाड हलवायच्या आदल्या दिवशी मी भांडी बांधत होते, हे शेजारी पुस्तकं बांधत होते, तर त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"इतक्या पिकांची माहेरं पाठ आहेत तुला. अंबाडीचं सांग बघू."

मी भेंडीचं म्हणणार होते, पण त्या हसत नव्हत्या. ह्या घरात येऊन मला पाच वर्षं झाली होती. त्यांच्या माहेरून कधी कुणी आलं नव्हतं, त्याही कधी गेल्या नव्हत्या, आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, टिटवाळ्याकडे कुठेतरी असावं, कुणी उरलं नाही तिथे.

सासूबाईंनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं, नीट पुसलं आणि गाठोड्यात ठेवलं.

"टिटवाळ्याच्या अलीकडे, नदीकाठी. वालाचं शेत होतं आमचं. मुहूर्त आठव्या वर्षी. सासर हे. उपयोग काय झाला, ते तुम्ही शिकलेली माणसं सांगा."

मी गाठोड्याची गाठ मारायला घेतली, ती काही केल्या बसेना. मग त्यांनीच मारून दिली.