नलूताईंच्या शाळेला मुलं किती लागतात?

सन एकोणीसशे सदतीसच्या एप्रिलात नलू देवस्थळी पुण्याची नोकरी सोडून भोरला आली. वय एकतीस. मुलींच्या शाळेत सात वर्षं शिकवलं, त्यातून साठवलेले ऐंशी रुपये ट्रंकेत होते. भोरात इंग्रजी पहिली आणि दुसरी अशा दोन वर्गांची छोटी शाळा काढायची, मुलं-मुली दोघंही घ्यायची, एवढं तिनं ठरवलं होतं. शिकवण्याची तिला धास्ती नव्हती. खर्चाचा अंदाज लिहायला बसली आणि तिथं मात्र ती अडकली.

जागा आधी मिळाली. उत्रोलीच्या रखमाजींचं बाजारपेठेजवळ दोन खोल्यांचं घर होतं, पुढं पडवी. भाताची पोती ठेवायला बांधलेलं, पण तेव्हा रिकामं. त्यांनी महिना आठ रुपये सांगितले, दोन महिन्यांचे आगाऊ. सुट्टीतलं भाडं सोडा, असं नलूनं म्हणून पाहिलं.

"साळा बंद आसली म्हणून भिंती काय हिंडाया जात्यात व्हय, बाई?" रखमाजी म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. भाडं बारा महिन्यांचं ठरलं.

तिनं कागद केला. भाडं वर्षाचं शहाण्णव. दुसऱ्या शिक्षकाला महिना पंचवीस, म्हणजे तीनशे. स्वतःला वीस, म्हणजे दोनशे चाळीस. झाडलोट करायला आणि पाणी भरायला धोंडाबाई, महिना चार, वर्षाचे अठ्ठेचाळीस. खडू, हजेरीपुस्तकं, शाई यांना चोवीस. झाले सातशे आठ. शिवाय पहिल्या वर्षी सामान: सुताराचे पंधरा बाक चार रुपयांप्रमाणे साठ, दोन फळे बारा, टेबल-खुर्ची चौदा. एकूण सातशे चौऱ्याण्णव. फी दर मुलामागं महिना दीड रुपया आणि प्रवेशाचा एक. म्हणजे वर्षाला एकोणीस. बेचाळीस मुलं मिळाली की झालं.

तिचा मोठा भाऊ आनंद संस्थानच्या कचेरीत कारकून होता. त्यानं कागद वाचला आणि विचारलं, मे महिन्यात फी कोण देणार आहे? दिवाळीच्या सुट्टीत? नलूच्या पुण्याच्या शाळेत फी कारकून घेई, तिला ते कधी बघावं लागलं नव्हतं. फी दहाच महिन्यांची धरली तेव्हा मुलामागं सोळाच रुपये आले आणि बेचाळीसची पन्नास मुलं झाली. मग आनंदच्या लक्षात आलं की एका बाकावर तीन बसली तर पंधरा बाकांवर पंचेचाळीसच मावतात. दोन बाक वाढवले. त्याचे आठ रुपये वाढले, म्हणून आणखी एक मूल लागलं. एक्कावन्न.

नलूनं एक्कावन्नाखाली दोन रेघा ओढल्या. मुलं वाढवली की खर्च वाढतो आणि खर्च वाढला की मुलं वाढवावी लागतात, हे तिला कळत होतं. पण ते कुठं थांबतं हे कळत नव्हतं.

मग ती नावं गोळा करायला निघाली. भोर गावात वीस घरांनी होकार दिला. पुढं बैलगाडीनं वेल्ह्याकडे गेली, तिथून पालीपर्यंत पायी. त्या बाजूला अकरा मुलांची नावं मिळाली, पण प्रत्येक नावाला पुरुष मास्तराची अट होती. पालीच्या बाळाबाईंनी आपल्या दोन्ही मुलांची नावं लिहायला सांगितली आणि मग म्हणाल्या, "भोरात माज्या भावाकडं ऱ्हातील पोरं. पर इंग्रजी शिकवाया पुरुष मास्तर पायजे, आसं यांचं म्हणणं हाय. आन फीचं मंजे, भात झोडल्यावर. त्याआदी आमच्याकडं रोकड न्हाई."

परत आल्यावर तिनं यादी मोजली. एकतीस. एक्कावन्न नव्हतीच. म्हणून तिनं एकच वर्ग काढायचा ठरवला, दुसरा शिक्षक नको. दहा बाक आणि एक फळा धरून तो हिशेब चारशे अडुसष्टवर आला, तीस मुलांत भागणारा. तीस हवी, एकतीस आहेत. ती हसतच आनंदकडे गेली. त्यानं विचारलं, पुरुष मास्तर नसेल तर ती अकरा येतील का?

नाहीत. म्हणजे वीस. वीस मुलांचे तीनशे वीसच.

मास्तर ठेवला तर मुलं येतात एकतीस आणि लागतात एक्कावन्न. न ठेवला तर येतात वीस आणि लागतात तीस. तिनं दोन्ही कागद शेजारी ठेवले. कुठला चुकला आहे ते शोधलं. दोन्ही बरोबर होते.

ज्याला नेमायचं होतं तो मधू. मॅट्रिक झालेला, इंग्रजी चांगलं. त्याला तिनं तोंडी शब्द दिला होता. जमत नाही हे सांगायला ती त्याच्या घरी गेली, तेव्हा कळलं की तो दुपारनंतर एका दुकानाची पत्रं लिहितो आणि ते काम सोडावं की नाही या घोरात तोही पंधरा दिवस आहे. शब्द मोडायची वेळ आलीच नाही. सकाळचे दोन तास, महिना बारा रुपये, यावर तो पटकन तयार झाला. इतक्या पटकन, की पंचवीस आपण कुणाच्या सांगण्यावरून लिहिले होते हे नलूला आठवेना.

तरीही मेळ बसेना. शेवटी तिनं स्वतःच्या पगाराची ओळ खोडली आणि आता शाळा परवडते, असं आनंदला सांगितलं.

"मग ती परवडत नाही, नलू," तो म्हणाला. "तू तिला महिना वीस रुपये देणगी देत्येस, एवढंच."

"शिकवणार मीच आणि देणगीही मीच द्यायची?"

"मला काय विचारतेस? कागदावर तेच आहे."

तिनं ओळ पुन्हा लिहिली, पण आकडा घातला नाही. जे उरेल ते.

जूनमध्ये शाळा उघडली. बाक नऊच केले, फळा एकच, टेबल-खुर्ची ठरली होती तीच. दुसऱ्या खोलीत भिंतीला काळा रंग दिला. सामानाचे छप्पन्न आणि आगाऊ भाड्याचे सोळा असे बहात्तर रुपये ट्रंकेतून गेले, एकाही मुलाची फी येण्याआधी. सव्वीस मुलं आली. गावातली काही ऐन वेळी आली नाहीत, आणि वेल्ह्याच्या बाजूची काही, ज्यांची नावं यादीत नव्हती, तीच दारात उभी. बाळाबाईंच्या मुलांची फी मार्गशीर्षात भाताच्या रूपानं पोचली. ते भात रखमाजींनी बाजारभावानं भाड्यात धरून घेतलं. त्यांना ते सोयीचं का वाटलं, हे तिनं विचारलं नाही.

वर्षअखेर फी चारशे सोळा जमली, खर्च तीनशे अडुसष्ट झाला. अठ्ठेचाळीस उरले. महिन्याला चार रुपये. धोंडाबाईंना मिळत होते तितकेच. हे आनंदनं दाखवलं. ट्रंकेतले बहात्तर भरून निघाले होते, म्हणजे ती बुडाली नव्हती. पण कमावलं असंही म्हणता येत नव्हतं.

तपासणी झाली की संस्थानचं अनुदान मिळू शकेल, असं शिक्षणखात्यातून सांगितलं होतं. मिळेलच असं कुणी म्हटलं नाही, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या कागदात तिनं ते धरलं नाही. बाकांचा खर्च नको, तर मुलं कमी चालतील, असं धरलं; आणि आली अडतीस. आता नऊ बाकांवर अकरा मुलं जास्त झाली होती. ती त्यांना पडवीत सतरंजीवर बसवून सुताराकडे चार बाक सांगायला गेली, आणि वाटेत पुन्हा मनातल्या मनात सोळानं भागू लागली.