सत्तेचाळीस तपासण्या

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे ओट्यावर बसून दोन कागद पाह्यले ते. एक घाटंजीच्या डॉक्टरची चिठ्ठी. दुसरा गावात शिबिर घेणाऱ्या लॅबचा रंगीत कागद. बायकोले बीपी होतं, पायावर सूज येत होती. डॉक्टरनं किडनीच्या दोन तपासण्या लिहून देल्या होत्या, क्रिएटिनिन आन् लघवीतलं अल्ब्युमिन. दोन्हीचे पाचशे. शिबिराच्या कागदावर होतं, सत्तेचाळीस तपासण्या, सातशे नव्याण्णव.

मी चौथीपर्यंत शिकलो. कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली केली, तिथं मजुरी गाठीमागे. किती गाठी उचलल्या, एकीमागे किती पडले, एवढाच हिशोब मले येते. मी तोच लावला. इकडे एका तपासणीले अडीचशे, तिकडे सतरा.

ती म्हणाली, "अजी, पण डॉक्टरनं लिहून देलेल्या त्या दोन याच्यात हायेत का?"

"सत्तेचाळीस हायेत. त्याच्यात दोन नसतीन का?"

"वाचून तर पाहा."

"तूच वाच. तू सातवी पास हायेस ना."

"चष्मा तुमीच फोडला," ती म्हणाली आन् हसली. मंग तांदूळ निवडाले गेली.

कागद कोणीच वाचला नाही. त्या साली कापसाले भाव नव्हता, हे खरं. पण पाचशे होते माह्यापाशी. पैशानं अडलं नव्हतं. मले स्वस्तात जास्त घेतल्याचं समाधान पाह्यजे होतं.

रिपोर्ट आला, चार पानं. रक्त कमी एवढंच वेगळं निघालं. ते गावात कोणत्या बाईचं कमी नाही? शिबिरवाल्यानं लोहाच्या गोळ्या सांगतल्या. बाकी सगळं बरोबर. मी तिले म्हणालो, "पाह्य, सत्तेचाळीसात तू पास." परत डॉक्टरकडे आमी गेलो नाही. कायले जायचं, असं वाटलं.

चार महिन्यानं तिले दम लागाले लागला, चेहरा सुजला. यवतमाळले भरती केलं. तिथल्या डॉक्टरनं इचारलं, "क्रिएटिनिन आधी कधी केलं होतं?" मी चार पानं पुढं केली. त्यानं ती दोनदा पलटवली आन् म्हणाला, "याच्यात किडनीचं काहीच नाही, बाबा."

"सत्तेचाळीस हायेत, साहेब."

बाजूची नर्स भली होती. तिनं बोट ठेवून दाखवलं. रक्ताच्या साध्या तपासणीतले चोवीस आकडे, ते चोवीस तपासण्या म्हणून मोजले. ती तपासणी एकच, एका नळीतल्या रक्ताची. चरबीचे आठ, त्यातले काही तर दुसऱ्या आकड्यावरून नुसते काढलेले. लिव्हरचे अकरा, थायरॉईडचे तीन, साखरेचा एक. "म्हणजे खऱ्या पाचच तपासण्या झाल्या, बाबा," ती म्हणाली. "एकीमागे एकशे साठ पडले. आन् जे पाह्यजे होतं ते याच्यात नाहीच."

डायलिसिसचे सहा फेरे झाले. सातव्याच्या आदल्या दिवशी ती गेली.

तेरवी झाल्यावर पोरगी थांबली होती. संध्याकाळी मोबाईल घेऊन माह्याजवळ बसली. "बाबा, तुमची तपासणी करू. नव्वद टेस्ट हायेत, चौदाशे. घरी येऊन रक्त नेतात. उद्या सकाळी उपाशी राहा."

मी म्हणालो, "कोणत्या नव्वद?"

"सगळ्याच असतीन."

मंग मले सांगाच लागलं. तिले वाटत होतं, आईची किडनी अचानक गेली. मी सांगतलं, डॉक्टरनं लिहून देलं होतं, आन् मी भागाकार करून ते बाजूले ठेवलं. आईनं वाचा म्हटलं होतं, मी वाचलं नाही.

मोबाईलचा उजेड गेला, तिनं परत लावला नाही.

"आईले समजलं होतं का?"

"नर्स बोलली तवा ती जागीच होती."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आता पोरीले नका सांगू."

पोरगी उठून आत गेली. जेवली नाही. मी पण नाही. आतून एकदाच म्हणाली, "वाचाले काय लागत होतं, बाबा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी उठायच्या आधी मी तोंड धुतलं आन् पहिल्या बसनं घाटंजीले गेलो. त्याच डॉक्टरच्या दारात बसलो. नंबर आला तवा त्यानं इचारलं, काय होते? मी म्हणालो, माही बायको गेली. तुमची चिठ्ठी मी पाळली नाही. आता मले काय पाह्यजे ते तुमी तपासून लिहून द्या. त्यानं बीपी पाह्यलं, पाय दाबून पाह्यले, तीन नावं लिहिली. बाजूच्या लॅबमधल्या बाईले मी तो कागद मोठ्यानं वाचून दाखवाले लावला, एकेक नाव. मंग रक्त घ्याले हात पुढं केला.