साहेबांना न ओळखणारा लॅपटॉप

"तोडा! आधी त्याची वायर तोडा! बघतंय ते अजून माझ्याकडं!"

नळदुर्गच्या त्या बियाणं कंपनीच्या ऑफिसात मी पाय ठेवला तेव्हा शाखेचे साहेब असे ओरडत होते की हायवेवरच्या दोन ट्रकांनी, आपल्यालाच काहीतरी म्हणतायत असं समजून, ब्रेक मारले. आवाज किल्ल्याच्या बुरुजाला थडकून परत आला, तोवर साहेबांचं पुढचं वाक्य सुरू झालं होतं. मी त्या कंपनीचे कंप्युटर सांभाळतो. साहेबांचा फोन आला तेव्हा अणदूरला होतो. आलो तो वाऱ्यावर बसूनच.

केबिनमध्ये टेबलावर लॅपटॉप, त्याच्यावर बियाण्याचं रिकामं पोतं, आणि साहेब भिंतीला पाठ लावून उभे. भूत कोंडल्यासारखा सगळा थाट.

त्यांना सकाळी एक मेल आला होता. तुमच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून आम्ही तुम्हाला एकटं असताना बघितलंय, सगळं चित्रित केलंय, पैसे पाठवा, नाहीतर ते तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना पाठवू. खाली पुरावा म्हणून साहेबांचा एक जुना पासवर्डही लिहिलेला.

"साहेब, असले मेल लाखोंनी फिरतात," मी म्हणालो. "पासवर्ड कुठल्यातरी दुसऱ्या वेबसाइटवरून फुटलेला असतो."

"पन एकटं असताना मी काय करतो ते त्यांना कसं कळलं?"

"काय करता?"

साहेबांनी दार लोटलं. ते दार कधीच नीट बसत नाही, तरी लोटलं. मग ज्या माणसाच्या खोकल्यानं गोदामातले हमाल ताठ होतात, तो माणूस माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "लेकीच्या हळदीत नाचायचं हाय. पोरगी ऐकंना. रोज जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर स्टेपा बघून... हितंच. त्याच्याम्होरं." बोट पोत्याकडं. "हेड ऑफिसला गेलं तर मी राजीनामाच देतो. अन् अंगठा? ज्यानं हे उघडतो तो माझा अंगठाबी नेला असंल की त्यांनी!"

"अंगठा कुठं जात नाही. त्याचा फोटो नाही, खुणा जपून ठेवतं मशीन, त्याही स्वतःच्याच पोटात. पण त्या अंगठ्याचं काम म्हणजे दारावरचा राखणदार. टेबलापाशी येऊन कुणी उघडायला लागलं तर अडवील. मशीन उघडं असताना इंटरनेटवरनं कुणी आत शिरलं, तर तो बिचारा काय करणार?"

हे मी धीर द्यायला म्हणालो होतो. साहेब खुर्चीत बसले ते पोत्यासारखेच.

मी पोतं काढलं. झाकण उघडलं. स्क्रीनच्या वरच्या कडेला बघितलं आणि मला जे हसू फुटलं, ते आवरायला मी खिडकीबाहेर तोंड काढलं.

लॅपटॉप नवा आला तेव्हापासून साहेबांची एकच तक्रार होती, मशीन मला ओळखत न्हाय. चेहरा दाखवून उघडायची सोय होती, पण चेहरा नोंदवतानाच ते अडायचं. मी फोनवरून चष्मा काढा, उजेडात बसा, मिशी विंचरा, असले सल्ले दिले. शेवटी ते अंगठ्यानं उघडायला लागले आणि व्हिडिओ मीटिंगा मोबाईलवर घ्यायला लागले.

"साहेब, हे सरकवायचं बोंड दिसतं का? तांदळाएवढं?"

"त्याचं काय?"

"कॅमेऱ्याचा पडदा आहे. तुमच्या या मॉडेलात साधा कॅमेरा आणि चेहरा ओळखणारा, दोन्हींवर एकच. डबा फोडल्यापासून बंद आहे. कधी सरकवलात?"

"हात बी लावला न्हाय."

कॅमेरा सुरू केला. काळोख. बोंड सरकवलं, आणि स्क्रीनवर साहेबांचं घामेजलेलं तोंड उगवलं. लॅपटॉपनं त्यांना पहिल्यांदाच बघितलं होतं.

"म्हंजे..."

"म्हणजे जगातला कितीही मोठा चोर आत शिरला असता, तरी त्याला अंधारच दिसला असता. प्लास्टिकच्या आड बघणारं सॉफ्टवेअर अजून जन्माला यायचंय."

साहेबांनी असा श्वास सोडला की भिंतीवरचं कॅलेंडर चार महिने पुढं गेलं. तरी मी मशीन नीट तपासलं. काही निघालं नाही. तो जुना पासवर्ड आणखी कुठं वापरलाय ते विचारून सगळीकडचे बदलायला लावले. मेलला उत्तर द्यायचं नाही म्हणालो. आणि एक सांगितलंच, की हा पडदा डोळे झाकतो, कान नाही. माईक वेगळा बंद करावा लागतो.

"गानं ऐकू दे कुनाला ऐकायचं ते!" साहेब उठले. त्यांनी स्वतःच्या हातानं ते बोंड परत सरकवलं, दोनदा दाबून बघितलं, आणि दार उघडून सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, "चहा सांगा! कुनीबी काय बी बघितलेलं न्हाय!"

दारालगतच्या टेबलावर हिशोब बघणाऱ्या मॅडमनी मान वर केली नाही.

"फटीतनं दिसतंय, साहेब. डावा पाय उशिरा पडतो तुमचा."